जनरलच्या डब्यात चढायचंय? आधी गाठोड्याबद्दल बोलू!

मोहनेकरांनो, पोस्ट मोठी आहे. पण दिवाळीला, छटपूजेला, उन्हाळ्याच्या सुट्टीला ज्यांच्या घरातून कुणी ना कुणी कल्याणहून जनरलने गावाला जातं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. यंदा ज्यांच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच जाणार असेल, त्यांनी तर वाचून त्या माणसाला दाखवाच.

दरवर्षी सीझन आला की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. एक रेल्वेचा. "चालत्या गाडीत चढू नका, रांगेचा फायदा सर्वांना." दुसरा नाक्यावरचा. "अरे घाबरतोस काय, गाडी हळू झाली की दांडा पकड, एक पाय आत टाक, बाकीचे मागून ढकलतातच." पहिला सल्ला बरोबर आहे, पण अर्धवट. दुसरा सल्ला जीव घेणारा आहे आणि तो देणारे आपलेच काका-मामा असतात. या दोघांच्या मध्ये खरी गोष्ट राहून जाते. ती म्हणजे सामान.

जरा मागचं आठवा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं गेली. पाऊस होता, जिन्यावर माणसं अडकून उभी होती. रेल्वेच्या चौकशीत पावसाच्या आणि गर्दीच्या जोडीला मोठं ओझं घेऊन जाणाऱ्यांचा तोल गेल्याचंही आलं. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनवर कुंभमेळ्याच्या गर्दीत १८ माणसं गेली. सुरुवातीला पोलिसांकडून सारख्या नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणेचा गोंधळ पुढे आला. नंतर रेल्वेमंत्र्यांनी संसदेत कारण सांगितलं ते असं, की एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं जिन्यावर पडलं आणि त्याला अडखळून माणसं एकमेकांवर कोसळली.

दोन शहरं, मध्ये साडेसात वर्षं, आणि दोन्हीकडे जिना आणि ओझं!

आता इथेच मला रेल्वेशी भांडायचंय. गाठोडं पडलं म्हणून १८ माणसं मेली, हे उत्तर म्हणून चालणार नाही. गाठोडं तर रोज पडतं. आंबिवलीच्या जिन्यावर भाजीवाल्या मावशीची पाटी पडली तर चार टोमॅटो घरंगळतात, दोघंजण थांबून उचलून देतात, विषय संपतो. कारण मागे जागा असते. तेच गाठोडं जेव्हा खच्चून भरलेल्या जिन्यावर पडतं, तेव्हा पहिला माणूस अडखळतो, दुसरा त्याच्यावर पडतो, आणि मागच्या शंभर जणांना पुढे काय झालंय ते दिसतच नाही. ते पुढेच सरकत राहतात. माणसं मरतात ती तुडवून कमी आणि छाती दाबली जाऊन श्वास बंद झाल्याने जास्त. म्हणजे गाठोडं ही ठिणगी झाली. दारूगोळा होता जिन्यावरची गर्दी, आणि ती गर्दी तिकीट विकूनच जमा झालेली होती.

रेल्वे कायदा १९८९ चं कलम ५७ काय म्हणतं ते किती जणांना माहीत आहे? प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी नेता येतील हा आकडा रेल्वेने ठरवायचा, आणि तो डब्यावर किंवा डब्यात ठळक दिसेल असा लावायचा. हिंदी-इंग्रजीत आणि त्या भागातल्या भाषेतही. कायदा पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वीचा. जनरलच्या डब्यात बसायच्या जागा ढोबळमानाने ९० ते १००. आणि तिकिटं? खिडकीवर जो येईल त्याला. दिल्लीच्या घटनेनंतर दिल्ली उच्च न्यायालयाने रेल्वेला हेच विचारलं, की डब्याची क्षमता ठरलेली असताना त्याहून जास्त तिकिटं विकता कशाला? प्रश्न सरळ आहे. गावच्या जत्रेतला पाळणेवालासुद्धा पाळणा भरला की दोरी लावून "आता पुढच्या फेरीला" म्हणतो.

बांद्र्याचं पण आठवत असेल. २७ ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या आधीचा रविवार, पहाटेची वेळ. बांद्रा टर्मिनसहून गोरखपूरला जाणारी अंत्योदय एक्सप्रेस, म्हणजे एकही रिझर्व्हेशनचा डबा नसलेली गाडी. रिकामी गाडी यार्डातून फलाटाला लागत होती, अजून थांबलीही नव्हती, तेवढ्यात लोकांनी चढायला सुरुवात केली. नऊएक जण जखमी झाले. रेल्वे म्हणाली, लोक चालत्या गाडीत चढत होते. बरोबर, चढत होते. पण दारं उघडी ठेवून रिकामी गाडी हजारो माणसांच्या समोरून हळूहळू न्यायची, आणि ज्याने आधी उडी मारली त्यालाच दीड दिवसाच्या प्रवासाची जागा मिळणार हे सगळ्यांना माहीत असताना न्यायची, याला काय म्हणायचं? ही शर्यत लोकांनी लावली नाही. ती लावून दिलेली आहे.

त्यानंतर उपाय काय झाला? आपल्या कल्याण-ठाण्यासकट मोठ्या स्टेशनांवर काही दिवस प्लॅटफॉर्म तिकीट बंद. म्हणजे म्हाताऱ्या आईची बॅग डब्यापर्यंत पोचवायला येणारा मुलगा बाहेर, आणि आई एकटी दोन बॅगा घेऊन आत. गर्दी थोडी कमी झाली असेल, मान्य. पण ज्याला मदत लागते तोच एकटा पडला, हेही मान्य करा.

रेल्वेला झोडून झालं. आता आपल्याकडे वळतो, कारण कलम ५७ ची अंमलबजावणी होईपर्यंत आपल्या घरातलं माणूस त्याच डब्यात चढणार आहे. आणि आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हातात काय धरायचं.

एक उदाहरण घेऊ, मोहनेतल्या कुठल्याही घरातलं. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, सोबत आई. भुसावळला मामाकडे निघालेत. आजवर रिझर्व्हेशनने गेलेत, यंदा वेटिंग क्लिअर झालं नाही, म्हणून पहिल्यांदाच जनरल. सामान असं: चाकांची मोठी सुटकेस १४ किलो, तांदूळ आणि जुन्या भांड्यांची गोणी १८ किलो, फराळाचा डबा पिशवीत ५ किलो, मुलाची पाठीवरची सॅक ६ किलो. एकूण ४३ किलो.

नियमाने बघाल तर यात काही चूक नाही. जनरलच्या तिकिटावर माणशी ३५ किलो फुकट नेता येतं, दोघांचे ७० होतात. पेटी किंवा सुटकेस १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरच्या आत हवी, तीही आहे. म्हणजे कागदावर हे कुटुंब एकदम पास. आणि तरीही ते कल्याणला चढू शकणार नाही. का, ते सांगतो.

कल्याण हे गाडी सुटण्याचं स्टेशन नाही. गाडी सीएसएमटी किंवा कुर्ल्याच्या एलटीटीहून भरून येते. कल्याणला बहुतेक गाड्या दोन-पाच मिनिटं थांबतात. त्यातलं पहिलं अर्धं-पाऊण मिनिट उतरणाऱ्यांचं. दारात आधीच आठ-दहा जण बसलेले, त्यांची सामानं पायात. उरलेल्या वेळात तुमच्यासारखे तीस-चाळीस जण एका दारावर. आता बघा, मुलाच्या एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात गोणी. दाराचा दांडा कोण धरणार? आईच्या हातात फराळाची पिशवी, दुसऱ्या हाताने साडी सावरणार. तिचाही दांडा सुटला. चार हात आणि एकही मोकळा नाही. मागून धक्का आला की धरायला फक्त हवा.

गाडी हलली की तर अजून वाईट. हात दांड्याला म्हणजे गाडीबरोबर पुढे जातो, पाय फलाटावर म्हणजे मागे राहतो, आणि अंग फिरतं. पाठीवर किंवा खांद्यावर वजन असेल तर ते अंगाला मागे खेचतं, आणि मागे काय असतं? फलाट आणि पायरीच्या मधली फट. कल्याण स्टेशनवर आरपीएफच्या जवानाने कुणाला तरी त्या फटीतून ओढून काढल्याचे व्हिडिओ आपण सगळेच फॉरवर्ड करतो, जवानाला सॅल्यूट ठोकतो. जरा पुन्हा बघा ते व्हिडिओ. बहुतेक वेळा पडणाऱ्याच्या खांद्यावर किंवा हातात बॅग असते.

म्हणून माझा नियम एकच, आणि तो किलोचा नाही. एक हात कायम रिकामा राहिला पाहिजे. तुमचं सगळं सामान अंगावर घ्या आणि आपल्याच बिल्डिंगचा किंवा चाळीचा एक मजला चढून बघा, एक हात सतत कठड्यावर ठेवून, मध्ये कुठेही सामान खाली न टेकवता. जमलं तर ते सामान जनरलचं. नाही जमलं तर ३५ किलोचा नियम कितीही परवानगी देवो, ते सामान जास्त आहे. ही परीक्षा घरी द्या, कल्याणच्या पुलावर नको.

मग त्या कुटुंबाने काय करायचं? गोणी आधी काढा. गोणीला धरायला जागा नसते, ती डोक्यावरच जाते, आणि डोक्यावरचं ओझं जिन्यावर काय करतं ते वर लिहिलंय. तांदूळ भुसावळला मिळतात. भांडी पाठवायचीच असतील तर ट्रान्सपोर्टने चार दिवस आधी पाठवा, किंवा कल्याणच्या पार्सल ऑफिसात जाऊन विचारा की तुमच्या गाडीत कल्याणहून माल चढतो का, कारण कमी थांबणाऱ्या गाडीत चढेलच असं नाही. मग चाकांची सुटकेस. चाकं सपाट फलाटावर चालतात, जिन्यावर आणि डब्याच्या पायऱ्यांवर ती नुसतं वजन. तिच्यातले कपडे दोन पाठीवरच्या सॅकमध्ये जातात. फराळ मोठ्या डब्यातून काढून पिशव्यांमध्ये बांधून सॅकमध्ये वर ठेवा, थोडा चुरा होईल, होऊ दे. शेवटी उरतं काय, मुलाच्या अंगावर १० किलोची एक सॅक, आईच्या अंगावर ६-७ किलोची. चारपैकी निदान दोन हात मोकळे. मोबाईल, तिकीट आणि थोडे पैसे सॅकमध्ये नाहीत, आतल्या खिशात. म्हणजे वेळ आली तर सॅक सोडून देता येते. हे फार महत्त्वाचं आहे, मनाची तयारी आधी करायला लागते. बॅग गेली तर जाऊ दे, हे फलाटावर सुचत नाही, घरून ठरवून निघावं लागतं.

आणि हो, फटाके, रॉकेल, छोटा गॅस सिलिंडर यातलं काहीही नको. गावाला पोरांसाठी फटाके नेणारे आपल्यात आहेत. भरलेल्या डब्यात आग लागली तर दारापर्यंत कोण पोचणार? कायद्याने तुरुंगाची शिक्षा आहे ती वेगळीच.

आता तिकीट. भुसावळ कल्याणहून २०० किलोमीटरच्या पुष्कळ पुढे आहे, त्यामुळे जनरलचं तिकीट खिडकीवर तीन दिवस आधीपर्यंत काढता येतं. हे आपल्याकडे अनेकांना माहीत नसतं आणि गाडीच्या दिवशी तासभर खिडकीसमोर जातो, मग पळापळ. गाडी सुपरफास्ट असेल तर तसं सांगून तिकीट घ्या, थोडे जास्त पैसे लागतात, पण गाडीत टीसीशी वाद होत नाही. मोबाईलवर RailOne वरही जनरलचं तिकीट निघतं, फक्त ते स्टेशनात शिरण्याआधी काढा.

स्टेशनवर निदान पाऊण तास आधी या. मोहनेहून निघताना रिक्षा मिळेल, आंबिवलीची लोकल वेळेवर येईल, हे गृहीत धरू नका. लवकर यायचं कारण जागा पकडणं नाही, तर आपला डबा फलाटावर कुठे लागतो ते शोधणं. जनरलचे डबे बहुतेक गाड्यांना इंजिनाच्या बाजूला आणि शेवटाला असे दोन टोकांना असतात. इंडिकेटरवर GEN किंवा GS दिसतं. फलाटावरच्या हमालाला विचारा, चहावाल्याला विचारा, त्यांना रोजचं माहीत असतं. पहिल्यांदा जाणारा माणूस जिना उतरतो तिथेच मध्यावर उभा राहतो. गाडी येते, समोर एसीचे डबे, आणि मग सामान घेऊन दहा-बारा डबे पळत सुटतो. पळताना पडणारे हेच. पूल उतरून आधी टोकाला जा, मग चहा प्या.

आणि फलाट बदलल्याची घोषणा झाली तर? सगळे जिन्याकडे पळतील. तुम्ही पळू नका. जिन्यावर कडेने, कठडा धरून चढा, आणि वर गर्दी थांबलेली दिसली तर पायथ्याशीच थांबा. गाडी चुकली तर दुसरी मिळते. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण जिन्यावर कुणालाच आठवत नाही.

गाडी आली की दाराच्या समोर नाही, दाराच्या बाजूला उभं राहा. समोरचा माणूस उतरणाऱ्यांच्या आणि चढणाऱ्यांच्या मध्ये चिरडतो. गाडी पूर्ण थांबू दे. सॅक पाठीवरून पुढे छातीवर घ्या, म्हणजे कुणाची बक्कल अडकत नाही आणि चेन कुणी उघडत नाही. आधी आई चढेल, मुलगा मागे. हा क्रम उलटा करायचा नाही. मुलगा आधी चढला, आई खाली राहिली आणि गाडी हलली, की आई धावते. पोटच्या पोराच्या मागे कुठली आई धावणार नाही? म्हणून जे धावू शकत नाहीत ते आधी. आणि निघण्याआधीच ठरवून ठेवा: एकजण चढला आणि दुसरा राहिला, तर राहिलेल्याने धावायचं नाही, चढलेल्याने उडी मारायची नाही. चढलेला नाशिक रोडला उतरून तिथेच थांबणार, राहिलेला पुढच्या गाडीने येणार. इतकं एक वाक्य ठरलेलं असलं तर दोघांचे पाय जागेवर राहतात. तिकीट मात्र प्रत्येकाचं प्रत्येकाजवळ हवं, त्यासाठी खिडकीवर वेगवेगळी काढा.

लहान मूल असेल तर खिडकीतून आत देऊ नका. आत घेणारा अनोळखी असतो, तुम्ही बाहेर असता, आणि गाडीला सिग्नल मिळतो. मूल कडेवर, सामान शून्य, आणि सोबत दुसरा मोठा माणूस. हे जमत नसेल तर त्या दिवशी जनरल नकोच, एसटी बघा.

दार आतून बंद असेल तर? असतं. आतले लोक कडी लावून बसतात. तिथे दार वाजवत पायरीवर उभं राहायचं नाही. पायरीवर प्रवास करणं गुन्हा आहेच, पण कल्याण सुटल्यावर गाडी वेग घेते आणि बाजूला खांब असतात, हे गुन्ह्यापेक्षा मोठं आहे. दुसऱ्या दाराला जा, फलाटावरच्या आरपीएफला सांगा. अगदीच वेळ आली आणि जनरलपर्यंत पोचताच आलं नाही, तर लटकण्यापेक्षा समोरच्या डब्यात चढा, टीसी दिसला की स्वतः जाऊन सांगा, जे पैसे आणि दंड होईल तो भरा, आणि पुढच्या थांब्याला जनरलला जा. दंड कितीही झाला तरी हॉस्पिटलच्या बिलापेक्षा कमीच असतो. बायकांनी शेवटच्या किंवा पहिल्या डब्यात महिलांसाठीचा भाग आहे का ते बघावं, बऱ्याच गाड्यांना गार्डच्या डब्यात तो असतो.

चढलात की पहिलं काम, दारापासून आत सरका. सगळे म्हणतात दारात हवा लागते. कसाऱ्याला गाडी थांबते, मागून घाटासाठी जादा इंजिन लागतं, तेव्हा खाली उतरलेली पोरं हलत्या गाडीत पुन्हा चढतात, आणि मग घाट, बोगदे. दारात बसून झोप लागलेल्या माणसाला कोण सांगणार? आत पॅसेजमध्ये उभे राहिलात तर नाशिक रोड, मनमाडला थोडीफार हालचाल होते, टेकायला जागा मिळते. आणि लाल रंगाने दाखवलेली संकटकाळी उघडायची खिडकी कुठे आहे ते एकदा नजरेने बघून ठेवा.

समजा गर्दी इतकी दाटली की पायावर ताबा राहत नाहीये, लाटेसारखं अंग हलतंय. ही धोक्याची पहिली खूण. हाताने आजूबाजूच्याला ढकलायचं नाही. दोन्ही कोपर वाकवून हात छातीसमोर आणा, बॉक्सिंगवाल्यासारखे, म्हणजे श्वासाला बोटभर जागा राहते. ओरडण्यात दम घालवू नका. लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरका, समोरासमोर नाही. आणि खाली पडलेलं काहीही उचलायला वाकू नका. चप्पल असो, मोबाईल असो. वाकलेला माणूस पुन्हा उभा राहत नाही. पडलातच तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. पालथं किंवा उताणं राहिलात तर छातीवर वजन येतं.

गाडीत काही झालं तर १३९. नंबर सेव्ह असू द्या, आईच्या साध्या फोनमध्येसुद्धा.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणार, "दादा, एवढं सगळं शिकवता, मग रेल्वेला मोकळं सोडलं की!" नाही सोडलं. उलट इतकं सगळं एका बाईला शिकावं लागतं, तेही मामाकडे दिवाळीला जाण्यासाठी, हाच माझा आरोप आहे. एनआरसी २००९ ला बंद पडल्यापासून मोहनेतली कितीतरी घरं गाव आणि इथलं घर अशी दोन्हीकडे विभागली गेली. त्यांचं जाणंयेणं म्हणजे हौस नाही.

म्हणून सीझनच्या आधी कल्याणच्या स्टेशन मॅनेजरकडे, मध्य रेल्वेच्या मुंबईच्या डीआरएमकडे आणि आपल्या खासदारांकडे तीन गोष्टी लेखी मागायच्या. एक, गर्दीच्या दिवसांत लांबच्या गाड्या कल्याणला निदान पाच मिनिटं थांबवा आणि जनरलच्या डब्याच्या जागेवर, टर्मिनसला लावतात तशी, आरपीएफची रांग लावा. दोन, जनरलचे डबे कुठे लागणार ते गाडी येण्याच्या अर्धा तास आधी मराठी-हिंदीत सांगा, आणि सांगितल्यावर फलाट बदलू नका. तीन, कलम ५७ चा आकडा डब्यावर लावा आणि त्या हिशोबाने तिकीट थांबवा, किंवा जादा गाडी सोडा. तिसऱ्याला वेळ लागेल, माहीत आहे. पहिल्या दोनला नवं रूळ टाकायला लागत नाही, नवा पूल बांधायला लागत नाही. दोन शिपाई, एक माईक आणि तीन मिनिटं लागतात.

पत्राचा मसुदा तयार आहे. सही करायला ज्याला यायचंय त्याने कमेंटमध्ये नाव लिहा, प्रवासी संघटनेच्या मंडळींनाही टॅग करा. आणि तोवर, ज्याच्या घरी बॅगा भरायला सुरुवात झाली असेल त्याने आज रात्री ती गोणी बाजूला काढून ठेवा.